डोंगरउतारावरच्या ओळी काय सांगतात?

रबर, ऑइल पाम आणि कॉफी ही उष्ण कटिबंधातली तीन मोठी लागवडीची पिके आहेत. एकदा लावली की ती वीस-पंचवीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ त्याच जागी उभी राहतात, आणि बहुतेक ठिकाणी ती ओळीत लावलेली असतात. ठिकाणाचे नाव नसलेला डोंगराचा फोटो समोर आला, तर या ओळी फार कामाला येतात. जंगलाचा हिरवा रंग केरळात, सुमात्रात आणि कोलंबियात दुरून सारखाच दिसतो. ओळी मात्र सारख्या नसतात. दोन ओळींत किती अंतर सोडायचे, ओळ उताराला आडवी न्यायची की सरळ वर चढवायची, झाडांवर सावली ठेवायची की भर उन्हात वाढवायची, हे त्या भागातला पाऊस, थंडी, मजुरी, यंत्रे आणि रोग यांवरून ठरते. त्यामुळे ओळी नीट वाचल्या की त्यांच्यामागची कारणे कळतात आणि कारणांवरून प्रदेश उमगतो.

पहिले काम म्हणजे पीक कोणते ते ठरवणे. यासाठी झाडांची दाटी हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. ऑइल पामची झाडे एकमेकांपासून सुमारे ९ मीटरवर असतात आणि हेक्टरी साधारण १४० झाडे बसतात. रबराच्या दोन ओळींत ६ ते ७ मीटर आणि ओळीतल्या दोन झाडांत अडीच-तीन मीटर अंतर असते. हेक्टरी झाडे चारशे ते पाचशे. कॉफीची झुडपे एक-दोन मीटरवर असतात आणि भर उन्हातल्या दाट लागवडीत हेक्टरी पाच हजारांच्या घरात जातात. फोटोत एखादे घर, मोटार किंवा विजेचा खांब असेल तर त्याच्या मापाने हे अंतर अजमावता येते. उतारावर मोठमोठे, सुटे, झावळ्यांचे झुबके दिसले तर ऑइल पाम. उंच, करड्या खोडांची, एकसारख्या वयाची झाडी आणि तिच्याखाली मोकळी जागा दिसली तर रबर. माणसाच्या उंचीची, गडद चकचकीत पानांची झुडपे दाटीने उभी दिसली तर कॉफी.

फसगत होते ती शेजारच्या पिकांमुळे. चहा आणि कॉफी यांत गोंधळ सर्वाधिक होतो. चहाची झुडपे सतत खुडल्यामुळे वरून सपाट होतात आणि एकमेकांना भिडून अख्खा उतार सलग दिसतो. कॉफीचे प्रत्येक झुडूप खाली रुंद आणि वर निमुळते राहते. नारळाचे खोड बारीक, वळणदार आणि वलयांकित असते, तर ऑइल पामचे खोड जाड असून त्यावर जुन्या झावळ्यांची बुडखी चिकटून राहतात व त्यांत नेचे उगवतात. पोफळी इतक्या सडपातळ असतात की त्यांची चूक सहसा होत नाही. सागाच्या आणि रबराच्या बागा दुरून सारख्या भासतात, पण सागाचे पान मोठे व खरखरीत, तर रबराच्या एका देठावर तीन पाने असतात. दुरून पान दिसत नसेल तर खोडाकडे पाहावे. रबराच्या खोडावर छातीच्या उंचीला तिरपी कापणी आणि तिच्याखाली बांधलेली वाटी असते. ही वाटी दिसली की वाद संपतो.

या तिन्हींत प्रदेश ओळखायला रबर सर्वांत उपयोगी आहे आणि त्यामागे एक विलक्षण इतिहास आहे. रबराचे झाड मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून त्याच्या बिया लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तिथली रोपे श्रीलंका व सिंगापूरला पोहोचली. आज जगातले बहुतांश रबर आशियात पिकते; थायलंड आणि इंडोनेशिया त्यात सर्वांत पुढे आहेत. ज्या खंडात हे झाड जन्मले तिथे मात्र त्याच्या मोठ्या बागा टिकल्या नाहीत. कारण पानांवर पडणारी एक बुरशी. जंगलात रबराची झाडे एकमेकांपासून लांब असतात, म्हणून ती बुरशी सगळ्यांना गाठू शकत नाही. झाडे ओळीत जवळजवळ आली की ती एका झाडावरून दुसऱ्यावर जाते आणि कोवळी पाने पुन्हापुन्हा गळून झाड मरते. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये तापाझोस नदीकाठी फोर्डलँडिया ही रबराची वसाहत उभारली; ती फसण्यामागे ही बुरशी मोठे कारण होती आणि १९४५ मध्ये ती जागा ब्राझील सरकारला विकली गेली. आशियात ही बुरशी अजून पसरलेली नाही. त्यामुळे दमट, गर्द डोंगरउतारावर रबराच्या लांबच लांब ओळी दिसल्या तर दक्षिण अमेरिका जवळजवळ बाद करता येते. ब्राझीलमध्ये आज रबर होते, पण ते मुख्यतः साओ पावलो राज्याच्या कोरड्या, सौम्य चढउतारांच्या भागात, जिथे कोरड्या हवेमुळे बुरशीला जोर धरता येत नाही. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट आणि लायबेरिया हे मोठे उत्पादक आहेत, पण तिथल्या बागा बहुतेक सपाट किंवा हलक्या उंचसखल जमिनीवर आहेत. उभ्या डोंगरावरचे रबर म्हणजे बहुधा आशिया.

आशियात कुठे, हे पाहताना सर्वांत आधी पाने पाहावीत. रबराचे झाड वर्षातून एकदा पाने गाळते. गळण्यापूर्वी ती पिवळी, नारिंगी, तांबूस होतात, काही दिवस झाडे उघडी राहतात आणि मग नवी पालवी फुटते. विषुववृत्तापासून लांब, जिथे कोरडा आणि थंड हंगाम ठळक असतो, तिथे ही पानगळ अख्ख्या डोंगरावर एकाच वेळी होते. केरळात ती डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान दिसते, तर चीनच्या युन्नान प्रांतात जानेवारी-फेब्रुवारीत. विषुववृत्ताच्या आसपास वर्षभर पाऊस असतो, म्हणून तिथे पानगळ अर्धवट आणि आगेमागे होते. एक बाग तांबूस तर शेजारची हिरवीगार. फोटोची तारीख माहीत असेल तर आणखी एक गोष्ट कळते. जुलै-ऑगस्टच्या सुमाराला पानगळ दिसत असेल तर जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उदाहरणार्थ दक्षिण सुमात्रात, असण्याचा संभव वाढतो.

पानांनंतर खोड. रबराच्या खोडातल्या चिकाच्या नळ्या अगदी उभ्या नसतात, किंचित तिरक्या चढतात. अधिकाधिक नळ्या कापल्या जाव्यात म्हणून कापणी जवळजवळ सर्वत्र डावीकडे उंच आणि उजवीकडे खाली अशी घेतात. हा नियम देश सांगत नाही, पण एक वेगळीच चूक टाळतो. कापणी उलट्या दिशेने उतरताना दिसली तर फोटो आरशासारखा उलटा छापला गेला असण्याची शंका घ्यावी. मग रस्त्याची बाजू, सावल्या आणि डोंगराची रूपरेषा हे सगळे उलटे धरून पाहावे लागते. देश सांगण्याचे काम कापणीच्या भोवतालच्या वस्तू करतात. केरळात पावसाळ्यातही चीक काढता यावा म्हणून कापणीच्या वर खोडाला प्लास्टिकचा घेर बांधतात. झाडामागून झाडाला असा घेर, खाली करवंटी किंवा प्लास्टिकची वाटी, आणि बागेतच फणस, नारळ व घर असे दिसले तर केरळचे नाव आधी मनात यावे. तिथली बाग बहुधा लहान शेतकऱ्याची असते, म्हणून ओळी थोड्याच अंतरावर बांधाशी थांबतात आणि पलीकडे दुसऱ्याच दिशेने सुरू होतात. नवीन लागवडीत पहिली तीन-चार वर्षे ओळींमध्ये अननस घेतात. जांभ्याच्या लाल जमिनीवर कोवळे रबर आणि त्यात अननसाच्या पट्ट्या हे मध्य केरळचे खास दृश्य आहे.

मराठी वाचकाने इथे एक सावधगिरी बाळगावी. गेल्या काही दशकांत केरळच्या शेतकऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात आणि गोव्यातही रबर लावले आहे. जांभा तोच, रोपे त्याच जातीची आणि चीक काढण्याची पद्धतही केरळचीच. म्हणून फक्त रबराच्या ओळींवरून दोडामार्ग आणि कोट्टायम वेगळे करता येत नाहीत. आजूबाजूच्या टेकड्यांवर काजूची बुटकी, पसरट झाडे आणि उन्हाळ्यात पूर्ण वाळून गेलेले गवत दिसले तर उत्तरेकडे झुकावे, कारण कोकणात पाऊस चार महिन्यांत संपतो आणि पुढचे आठ महिने जमीन कोरडी राहते. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दुसरा पाऊस आणि उन्हाळी सरी यांमुळे गवत इतके वाळत नाही.

ऑइल पामचे वाचन त्यामानाने सोपे आणि त्याची उत्तरेही थोडी आहेत. हे झाड पश्चिम आफ्रिकेचे. त्याला वर्षभर बऱ्यापैकी सारखा विभागलेला, सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस आणि ऊब लागते, म्हणून ते विषुववृत्ताजवळच्या सखल भागात सुखाने वाढते. पाचशे मीटरच्या वर त्याच्या मोठ्या बागा क्वचितच दिसतात. जगातल्या पामतेलाचे पाचपैकी चार भागांहून अधिक उत्पादन इंडोनेशिया आणि मलेशियात होते, त्यामुळे आंधळा अंदाजही बहुधा बरोबर ठरतो. तरी पुरावा पाहावा. सपाट जमिनीवर झाडे समभुज त्रिकोणाच्या टोकांवर लावतात, म्हणून उंचावरून पाहिले तर तीन वेगवेगळ्या दिशांना सरळ ओळी दिसतात. डोंगरावर हा त्रिकोण मोडतो. तिथे उताराला आडव्या, रुंद मजग्या कापतात आणि त्यांच्यावर झाडे ओळीने लावतात, कारण एकेक घड दहा-वीस किलोंचा असतो आणि तो वाहून न्यायला सपाट वाट हवी. जुनी बाग तोडून नवी लावली असेल तेव्हा टेकडीभोवती तांबड्या मातीची वलयेच्या वलये दिसतात आणि प्रत्येक वलयावर गुडघाभर उंचीची रोपे. अशा टेकड्यांमागून टेकड्या दिसल्या तर मलेशियातले साबा किंवा जोहोर, नाहीतर इंडोनेशियातले सुमात्रा आणि कालिमंतान यांकडे वळावे.

लॅटिन अमेरिकेतही ऑइल पाम भरपूर आहे. कोलंबिया हा तिथला सर्वांत मोठा उत्पादक. पण तिथल्या बागा मुख्यतः नदीखोऱ्यांत आणि किनारी मैदानांत आहेत. फोटोत पामच्या ओळी पायथ्याच्या सपाटीवर थांबत असतील आणि मागचा डोंगर जंगलाचा किंवा कुरणाचा असेल, तर अमेरिकेची शक्यता धरावी. पश्चिम आफ्रिकेत चित्र आणखी वेगळे. तिथे मोठ्या कंपन्यांच्या बागांबरोबरच आपोआप उगवलेले पाम शेतांत विखुरलेले उभे असतात. शेतकरी जमीन साफ करताना ते तोडत नाहीत, त्यामुळे कसाव्याच्या किंवा मक्याच्या शेतात वेगवेगळ्या उंचीचे, कोणत्याही ओळीत नसलेले उंच पाम दिसतात. इथे ओळ नसणे हाच पुरावा असतो. भारतात ऑइल पाम आंध्र प्रदेश आणि तेलंगणात ओलिताखाली सपाट शेतांत आहे. डोंगरउतारावर तो मुख्यतः मिझोराममध्ये दिसतो.

कॉफीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण कॉफी लावण्याची एक पद्धत नाही. जवळजवळ प्रत्येक देशाने आपली वेगळी पद्धत घडवली आहे. ही अडचण वाटते, पण ओळखणाऱ्याच्या दृष्टीने तीच सोय आहे. सुरुवात सावलीपासून करावी. कर्नाटकात कोडगू आणि चिक्कमगळूरू भागातली कॉफी दुरून कॉफी वाटतच नाही. डोंगर जंगलाने झाकलेला दिसतो. उंच झाडांचा एक थर वर, पांगाऱ्यासारख्या झाडांचा दुसरा थर मध्ये आणि त्याखाली कॉफी. जवळून पाहिले की सिल्व्हर ओकची सरळसोट खोडे दिसतात आणि त्यांच्यावर मिरवेल चढलेले असतात. सिल्व्हर ओक, त्यावर मिरी आणि खाली कॉफी ही जोडणी दक्षिण भारताची जवळजवळ सहीच आहे. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते, तीसुद्धा झाडांच्या सावलीतच. मार्च-एप्रिलमध्ये एखादी जोरदार सर पडली की आठवड्या-दहा दिवसांत सगळी झुडपे पांढऱ्या फुलांनी भरतात. हाच बहर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसला तर जागा दक्षिण गोलार्धातली, बहुधा ब्राझीलमधली, समजावी.

ब्राझीलची कॉफी भारताच्या अगदी उलट टोकाला आहे. सावली नाही, झाडे ओळीत इतकी जवळ की प्रत्येक ओळ सलग कुंपण बनते, आणि दोन ओळींमध्ये साडेतीन-चार मीटरची वाट. ही वाट यंत्रासाठी असते. मिनास जेराइस राज्यात जिथे उतार सौम्य आहे तिथे फळे तोडणारी उंच यंत्रे ओळीवर स्वार होऊन चालतात, म्हणून ओळी लांबलचक, अखंड आणि टेकडीच्या वळणाबरोबर वळणाऱ्या असतात. त्याच भागाची आणखी एक खूण थंडीतून येते. कॉफीला हिमतुषार सोसत नाही आणि थंड हवा रात्री उतरून खोलगट जागी साठते. १८ जुलै १९७५ च्या हिमतुषाराने पाराना राज्यातल्या कॉफीचा जवळजवळ सर्वनाश केला आणि तिथले अनेक शेतकरी सोयाबीन-गव्हाकडे वळले. म्हणून दक्षिण ब्राझीलच्या फोटोत टेकडीचा माथा आणि वरचा उतार कॉफीचा, तर तळाची ओलसर पट्टी कुरणाची किंवा झाडीची अशी रचना वारंवार दिसते. विषुववृत्ताजवळच्या देशांत अशी तळाची जागा मोकळी सोडण्याचे कारणच नसते.

कोलंबियातही कॉफी बरीचशी उन्हात असते, पण तिथले उतार इतके तीव्र की यंत्र चढूच शकत नाही. सगळे फळ हाताने तोडतात. त्यामुळे वाट रुंद ठेवण्याची गरज नाही आणि झुडपे मीटर-दीड मीटरवर दाटीने असतात. लांबून उतारावर बारीक हिरव्या ठिपक्यांची दाट वीण दिसते. काल्दास, किंदिओ आणि रिसाराल्दा या भागांत त्यातच केळीची झाडे डोकावतात आणि ओढ्याकाठी गुआदुआ या जाड बांबूची बेटे उभी असतात. कोलंबियाचा आणखी एक पुरावा ओळींच्या उंचीत आहे. काही वर्षांनी झुडपे जुनी झाली की शेतकरी ती जमिनीपासून फूटभर उंचीवर छाटतात आणि खुंटाला नवे कोंब फुटू देतात. सगळी बाग एकदम छाटली तर उत्पन्नच थांबेल, म्हणून दरवर्षी एक तुकडा छाटतात. परिणामी एकाच उतारावर उघडी तांबडी जमीन, गुडघ्याएवढी कॉफी आणि डोक्याएवढी कॉफी असे चौकोन शेजारी-शेजारी दिसतात. कोस्टा रिकात हीच छाटणी तुकड्यांऐवजी ओळींनी करण्याची पद्धत आहे. दर काही ओळींनंतर एक ओळ खुंटांची दिसते आणि मधेमधे पोरो नावाच्या पांगाऱ्याच्या जातीची, फांद्या साफ छाटलेली बोडकी झाडे उभी असतात. एल साल्वादोरमध्ये वाऱ्यापासून बचावासाठी कॉफीच्या मळ्यांना उंच, कापून सपाट केलेल्या झाडांच्या भिंती घालतात, त्यामुळे ज्वालामुखीच्या उतारावर हिरव्या चौकटींची जाळी दिसते.

व्हिएतनाम ओळखायला जमिनीकडे पाहावे. तिथल्या मध्य पठारावर, बुओन मा थुओट शहराच्या आसपास, बेसाल्टपासून बनलेली गडद तांबडी माती आहे आणि त्यात रोबस्टा जातीची कॉफी सुमारे तीन मीटरवर लावतात. कोरड्या हंगामात पाणी द्यावे लागते, म्हणून प्रत्येक झुडपाभोवती खोलगट आळे केलेले असते. मळ्यात खांबांवर चढवलेली मिरीही दिसते. भारतात मिरी जिवंत उंच झाडावर चढते, व्हिएतनाममध्ये पुष्कळदा खांबावर. हा फरक लहान असला तरी फोटोत स्पष्ट दिसतो. पूर्व आफ्रिकेत रवांडा आणि बुरुंडीच्या उतारांवर कॉफीचे छोटे छोटे तुकडे असतात आणि झुडपांखाली वाळक्या गवताचे व केळीच्या पानांचे जाड आच्छादन घातलेले असते. आजूबाजूला केळी आणि घेवड्याची शेते, मध्येच खाली पिवळट आच्छादन असलेला गडद हिरवा चौकोन दिसला की तो कॉफीचा. इथिओपिया तर कॉफीचे मूळ घर, पण तिथली बरीच कॉफी जंगलाच्या कडेला आणि घरामागच्या बागेत वाढते, तिला ओळी नसतात.

आता एक फोटो पायरीपायरीने वाचून पाहू. रस्त्यावरून दरीपलीकडचा डोंगर टिपला आहे. मधल्या उतारावर आडव्या, अरुंद पायऱ्या इतक्या नियमित आहेत की डोंगरावरून कंगवा फिरवल्यासारखे वाटते. प्रत्येक पायरीवर झाडांची एकच ओळ, खोडे करडी, शेंडे तांबूस-तपकिरी आणि बरीच झाडे उघडी. डोंगरमाथ्यावर मात्र हिरवे जंगल शिल्लक आहे. तळाला केळीची बाग आणि दाटीने वसलेले गाव. उतारावर एकही घर नाही. रस्त्याकडेच्या झाडांना काळ्या वाट्या बांधल्या आहेत, प्लास्टिकचा घेर कुठेच नाही.

वाट्यांमुळे पीक रबर हे नक्की झाले. उभा, दमट डोंगर आणि त्यावर सलग रबर, म्हणून दक्षिण अमेरिका वगळली. पश्चिम आफ्रिकाही जमिनीच्या चढावरून मागे पडली. अख्खा डोंगर एकाच वेळी तांबूस झाला आहे, म्हणजे हंगाम ठळक आहे. मलेशिया आणि सुमात्रा यांची शक्यता कमी झाली. उरले केरळ, श्रीलंका, त्रिपुरा, थायलंड आणि चीन-लाओसचा सीमाभाग. केरळात इतक्या मोठ्या उतारावर एकही घर नसणे अवघड, घेर नसणेही विरोधात जाते, आणि तिथले रबर बहुतेक पाचशे मीटरच्या आत असते. श्रीलंकेच्या रबर पट्ट्यातही घरे आणि नारळ बागांमध्ये मिसळलेले असतात. त्रिपुरातल्या टेकड्या बुटक्या असतात आणि त्यांच्यामधल्या सपाट पट्ट्यांत भात असतो. इतकी खोल दरी तिथल्या रबराच्या भागात सहसा मिळत नाही. थायलंडचे बहुतांश रबर दक्षिणेकडच्या सखल भागात आणि ईशान्येकडच्या पठारावर आहे. राहतो तो युन्नानचा दक्षिण टोकाचा शीश्वांगबान्ना प्रदेश, सुमारे २१ ते २२ अंश उत्तर अक्षांशावरचा. तिथे १९५० च्या दशकापासून सरकारी शेतांनी आणि पुढे गावोगावच्या शेतकऱ्यांनी डोंगर कापून रबर लावले. हिवाळ्यात थंड हवा दरीच्या तळाशी साठते आणि मधला उतार उबदार राहतो, तर साधारण हजार मीटरच्या पुढे पुन्हा थंडी रबराला सोसत नाही. फोटोत रबराची पट्टी नेमकी मधल्या उतारावर आहे आणि माथ्यावर जंगल उरले आहे, याचा अर्थ असा लागतो. उत्तर शीश्वांगबान्ना.

तरीही या उत्तराला एक कड आहे. सीमेपलीकडे लाओसच्या लुआंग नामथा प्रांतात चिनी गुंतवणुकीतून अगदी अशाच पायऱ्यांवर, त्याच पद्धतीने रबर लावले गेले आहे. झाडे सीमा ओळखत नाहीत, आणि इथे त्यांच्यापेक्षा रस्त्यावरच्या पाटीची लिपी जास्त बोलते. पाटी नसेल तर उत्तर ‘शीश्वांगबान्ना किंवा त्याला लागून असलेला उत्तर लाओस’ एवढेच द्यावे; त्याहून नेमके नाव घेणे म्हणजे पुराव्यापलीकडे जाणे.

अशा वाचनात आणखी दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. एक म्हणजे सावल्या. समशीतोष्ण प्रदेशात दुपारची सावली उत्तरेला की दक्षिणेला पडते यावरून गोलार्ध कळतो. दोन अयनवृत्तांमध्ये मात्र सूर्य वर्षातला काही काळ माथ्याच्या उत्तरेला आणि काही काळ दक्षिणेला असतो, त्यामुळे तारीख माहीत नसताना सावलीवरून गोलार्ध ठरवू नये. तो पुरावा पानगळ आणि बहर यांच्या जोडीनेच वापरावा.

दुसरे म्हणजे फोटोचे वय. लागवडी बदलतात आणि कधीकधी फार वेगाने बदलतात. १८६९ मध्ये श्रीलंकेत कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि दोन-अडीच दशकांत तिथली कॉफी जाऊन त्याच उतारांवर चहा आला. मलेशिया १९८० च्या दशकापर्यंत जगातला सर्वांत मोठा रबर उत्पादक होता. आज तिथल्या पूर्वीच्या कित्येक रबराच्या टेकड्यांवर ऑइल पामच्या मजग्या आहेत. पारानाच्या ज्या उतारांवर १९७० मध्ये कॉफीच्या ओळी होत्या तिथे पुढे धान्य पिकू लागले. म्हणून जुन्या फोटोत दिसणारे पीक आजच्या नकाशाशी ताडून पाहू नये. आधी फोटो कोणत्या दशकातला आहे ते ठरवावे, आणि मग त्या दशकात ते पीक कुठे होते ते शोधावे.